फ्यूगमध्ये उत्तर जरा वेगळं का येतं: पहिला दोन आवाजांचा पीस हातात घेणाऱ्यांसाठी

खानापूरकडचा एक मुलगा माझ्याकडं पियानो शिकायला यायचा. घरी आजोबांची पेटी, गावच्या भजनात तो साथ करायचा, कान एकदम तयार. त्याला मी वहीत दोन बारची एक चाल लिहून दिली, तिच्याखाली डाव्या हातासाठी तिचं उत्तर लिहून दिलं आणि म्हटलं बसवून ये. पुढच्या रविवारी आला तो उत्तरातला दुसरा स्वर खोडून, वर दुसराच लिहून. म्हणाला, "सर, इथं तुमच्याकडनं चूक झालीया बघा. वरच्या चालीत सा वरनं प वर उडी हाय, म्हणजे पाच स्वरांची. खाली उत्तरात चारच स्वरांची झालीया. मी दुरुस्त करून आणलोय."

त्याची मोजणी अगदी बरोबर होती. आणि खोडलेला स्वरही बरोबरच होता, म्हणजे मी लिहिलेला. तो एक स्वर का बदलतो हे कळलं की सब्जेक्ट, आन्सर आणि काउंटरसब्जेक्ट या तिन्ही गोष्टी आपोआप जागेवर बसतात, म्हणून सगळा लेख त्या एका स्वराभोवतीच लिहितोय.

आपल्या बेळगाव भागात पियानोकडं येणारे बरेच जण पेटीवरनं येतात, म्हणून मी इथं सगळं सरगममध्ये लिहिणार. सा म्हणजे पांढरी एक, स्टाफवर वाचणाऱ्यांनी सी समजा. उजव्या हाताचा सा हा मिडल सीच्या वरचा सी, आणि डाव्या हाताचा सा मिडल सीच्या खालचा सी. म्हणजे डाव्या हाताचा वरचा सां हाच मिडल सी झाला. चार मात्रांचा बार आहे. जोडून लिहिलेले दोन स्वर म्हणजे एका मात्रेत दोन, आणि ऽ म्हणजे आधीचा स्वर अजून एक मात्रा धरून ठेवायचा.

पहिली पायरी: सब्जेक्ट एकट्यानं ऐका

फ्यूग म्हणजे एकच चाल दोन किंवा जास्त आवाज एकामागून एक उचलतात असा पीस, आणि सब्जेक्ट म्हणजे फ्यूगची मूळ चाल. ती सुरवातीला एकटीच येते, खाली कॉर्ड नाही, साथ नाही, काही नाही. आमच्या उदाहरणाची ही:

सा प गम रेग । म रे ग ऽ

उजव्या हातानं वाजवा, मेट्रोनोम ६० वर, मात्रेला एक ठोका. पहिले दोन स्वर, सा आणि प, एकेक मात्रेचे आहेत, उडी मोठी आहे, म्हणून ते लक्षात राहतात. याला सब्जेक्टचं डोकं म्हणतात. नंतर स्वर बारीक होतात आणि जवळजवळ फिरतात, ती शेपूट. हा फरक आत्ताच कानात बसवून घ्या, कारण पुढं डोक्याला एक नियम आहे आणि शेपटीला दुसरा.

आणखी एक, सब्जेक्ट नेमका संपतो कुठं हे ठरवल्याशिवाय पुढं जाऊ नका. इथं दुसऱ्या बारमधल्या ग वर संपतो आणि तो ग पूर्ण दोन मात्रा वाजला पाहिजे. नवशिके हमखास तो ग अर्ध्यात सोडतात, कारण डावा हात आता येणार म्हणून लक्ष सगळं तिकडं गेलेलं असतं. मग वाक्य तोडून दुसऱ्यानं मध्येच बोलायला सुरवात केल्यासारखं ऐकू येतं.

दुसरी पायरी: उत्तर, आणि तो खोडलेला स्वर

आता दुसरा आवाज तीच चाल घेऊन येतो, पण सा वरनं नाही, प वरनं. हे आपल्याला नवीन नाही खरं तर. भजनात किंवा नाट्यसंगीतात एकच पद पुरुष गातो तेव्हा त्याचा सा पांढरी एक किंवा काळी एक असतो, आणि तेच पद बाई गाते तेव्हा पेटीवाला सा काळी चार किंवा काळी पाचला नेतो, कारण दोघांच्या गळ्यांच्या पट्ट्यांत साधारण चार-पाच स्वरांचं अंतर असतं. युरोपातल्या चर्चच्या गायनातही हेच होतं, सोप्रानो आणि टेनर यांची पट्टी एकमेकांपासून सप्तकभर लांब, आणि आल्टो नि बास त्यांच्यापासून चार-पाच स्वर खाली. एकच चाल सगळ्यांना आळीपाळीनं गायची तर दुसऱ्याला ती पंचमावरनं घेणं सोयीचं पडतं. या प वरनं घेतलेल्या चालीला आन्सर म्हणायचं, मी उत्तर म्हणतो.

बऱ्याच जणांना इथं सवाल-जवाब आठवतो. तो आठवला तर चालेल, पण एक फरक आहे. सवाल-जवाबात पहिला थांबतो आणि मग दुसरा वाजवतो. फ्यूगमध्ये पहिला थांबतच नाही, दुसरा उत्तर देत असताना तो वर काहीतरी बोलतच राहतो. ते काय बोलतो हे तिसऱ्या पायरीत.

तर त्या खानापूरच्या मुलानं काय केलं होतं? त्यानं सगळी चाल जशीच्या तशी पाच स्वर वर नेली. सा चा प झाला, प चा वरचा रें झाला, ग चा नि, म चा सां, असं:

प रें निसां धनि । सां ध नि ऽ

मी लिहिलं होतं ते हे:

प सां निसां धनि । सां ध नि ऽ

फरक एकाच स्वराचा, दुसऱ्या. पहिल्या प्रकाराला रिअल आन्सर म्हणतात, म्हणजे हुबेहूब उत्तर. दुसऱ्याला टोनल आन्सर, म्हणजे घराचा सा सांभाळून दिलेलं उत्तर. नियम असा की सब्जेक्टच्या डोक्यात प ठळक उभा असेल तर सा ला उत्तर प, आणि प ला उत्तर सा. शेपूट मात्र सरळ पाच स्वर वर न्यायची.

का ते हातानं वाजवून बघा, वाचून समजणार नाही. आधी सब्जेक्ट वाजवा, लगेच डाव्या हातानं मुलाचं उत्तर वाजवा. असं वाटतं की गाणं संपलं आणि दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या पट्टीत तेच गाणं पहिल्यापासून सुरू केलं. आता सब्जेक्ट आणि मग माझं उत्तर वाजवा. आधी सा-प ऐकलं, मग प-सां ऐकलं, दोन्ही मिळून एक पूर्ण सप्तक झालं, खालच्या सा पासून वरच्या सां पर्यंत. सा ते प पाच स्वर, आणि प ते सां चार. सप्तक असंच विषम तुटतं, त्याला इलाज नाही. म्हणूनच उत्तरातली उडी चार स्वरांची होते, आणि म्हणूनच कानाला वाटतं की घर तेच आहे, दुसरा माणूस फक्त दुसऱ्या खोलीतनं बोलतोय. शेपटीपर्यंत आलं की मग हळूच प च्या घरात सरकतं.

मुलाला हे सांगितल्यावर तो दोन मिनिटं काही बोलला नाही, नुसतं सा-प, प-सां, सा-प, प-सां असं वाजवत बसला. मग म्हणाला, "म्हंजे तंबोऱ्यासारखं की." होय की. तंबोऱ्यात सा आणि प दोन्ही कायम वाजत असतात म्हणून आपला सा ढळत नाही. पियानोवर तंबोरा नाही, म्हणून ते काम उत्तराच्या पहिल्या दोन स्वरांना करायला लागतं.

याला मर्यादाही आहे. सब्जेक्टच्या डोक्यात प नसेलच, किंवा वाटेत नुसता लागून जात असेल, तर हुबेहूब उत्तर चालतं, आणि पुष्कळ फ्यूगमध्ये तसंच असतं. म्हणून पीस हातात आला की आधी उत्तराचे पहिले तीन-चार स्वर सब्जेक्टशी ताडून बघा, कुठं अंतर बदललंय का, आणि बदललं असेल तिथं लाल पेन्सिलीनं छोटा गोल करा. खोडू नका.

तिसरी पायरी: काउंटरसब्जेक्ट, आणि तो उशिरा का येतो

डावा हात उत्तर देतोय तेव्हा उजव्या हातानं वर जी चाल वाजवायची, आणि पुढं प्रत्येक वेळी सब्जेक्टबरोबर जी परत परत येते, ती काउंटरसब्जेक्ट. जोडीदार चाल म्हणा. परत येते हे महत्त्वाचं, एकदाच येऊन गेली तर ती नुसती साथ, काउंटरसब्जेक्ट नाही.

आमच्या उदाहरणात उजवा हात असं वाजवतो (म॑ म्हणजे तीव्र म, काळी तीन):

उजवा: गरे गम॑ प म॑ । गप म॑ प रे
डावा: प सां निसां धनि । सां ध नि ऽ

दोन गोष्टी बघा. पहिली, डावा हात एकेक मात्रेचे लांब स्वर वाजवतो तेव्हा उजवा बारीक वाजवतो, आणि डावा बारीक झाला की उजवा लांब होतो. पहिल्या बारमध्ये तर हे अगदी आलटून पालटून आहे. दोन आवाज वेगळे ऐकू यायचे असतील तर दोघांनी एकाच वेळी घाई करायची नाही. आणि दुसरी गोष्ट तो तीव्र म. प ला सा मानलं तर तीव्र म हा त्याचा नि होतो, म्हणून तो वाजला की कान प कडं सा म्हणून बघायला लागतो. उत्तर प च्या घरात गेलंय हे उत्तर स्वतः सांगत नाही, त्याच्यात काळी पट्टीच नाही, ते सांगण्याचं काम जोडीदार चाल करते.

दुसऱ्या मात्रेच्या शेवटी हळू वाजवून ऐका: वर तीव्र म, खाली सां, जरा टोचतं. पुढच्याच क्षणी वरचा म॑ एक घर वर प ला जातो आणि खालचा सां एक घर खाली नि ला येतो, आणि सगळं मोकळं होतं. हे टोचणं घाबरून घाईत उडवू नका, उलट तिथं जरा वजन ठेवा, त्याच्यामुळंच पुढचा प गोड लागतो.

आता खरी जोडीदार चाल कुठनं सुरू होते? मी तिची सुरवात तिसऱ्या मात्रेपासून मोजतो, प म॑ । गप म॑ प रे, एवढीच. आधीचं गरे गम॑ हा नुसता जोड आहे, सब्जेक्टच्या शेवटच्या ग पासून वर चढायला. असं का केलं हे कळायला तीच चाल मूळ घरात आणून बघू. सब्जेक्ट सा वरनं परत आला की जोडीदार चालही पाच स्वर खाली येते. सगळी आणली, जोडासकट, तर होते: धप धनि सां नि । धसां नि सां प. आणि सब्जेक्ट आहे: सा प गम रेग । म रे ग ऽ. दुसऱ्या मात्रेवर काय झालं? इकडं ध आणि तिकडं प, दोन शेजारी एकमेकांना चिकटले, आणि ते वाईट वाजतं. उत्तराच्या वेळी हे झालं नव्हतं, कारण तिथं आपण दुसरा स्वर बदलला होता. म्हणजे डोक्यातला एक स्वर बदलला की त्या जागेवरची जोडीदार चालही एकदा जुळते आणि एकदा जुळत नाही.

यावर जुन्या लोकांनी काढलेला उपाय साधा आहे, डोकं पुढं जाऊ द्यायचं आणि मग जोडीदार चाल सुरू करायची. शेपूट दोन्हीकडं सारखीच असते, त्यामुळं तिथनं पुढं काही अडचण येत नाही. खऱ्या फ्यूगमध्ये काउंटरसब्जेक्ट थोडा थांबून, कधी छोट्या विश्रांतीनंतर सुरू झालेला दिसला तर हे कारण तपासून बघा. मी स्वतः कित्येक वर्षं ती विश्रांती नुसती श्वास म्हणून वाजवत होतो, तिच्यामागं हा हिशोब असू शकतो हे फार उशिरा लक्षात आलं.

चौथी पायरी: खालीवर करून बघा

ही पायरी बहुतेक जण सोडून देतात आणि मला वाटतं हीच सगळ्यात शिकवणारी आहे. जोडीदार चाल अशी हवी की ती सब्जेक्टच्या वर ठेवा नाहीतर खाली ठेवा, दोन्हीकडं चालली पाहिजे. आपण आत्तापर्यंत वर ठेवली. आता सब्जेक्ट उजव्या हातात, मूळ जागी, आणि चाल डाव्या हातात घ्या, पहिल्या दोन मात्रा डावा हात रिकामा ठेवा:

उजवा: सा प गम रेग । म रे ग ऽ
डावा: – – सां नि । धसां नि सां प

वाजतं की नाही? वाजतं, कारण मात्रेच्या ठोक्यावर दोन हातांत तीन किंवा सहा स्वरांचंच अंतर पडेल असं बघून ती लिहिलीय. तीनचं अंतर खालीवर केलं की सहाचं होतं, सहाचं तीनचं होतं, दोन्ही गोड. घोटाळा पाच स्वरांच्या अंतराचा आहे. पाचचं खालीवर केलं की चारचं होतं, आणि दोनच आवाज असताना ठोक्यावरचं चार लोंबकळल्यासारखं वाटतं, पाय जमिनीला लागत नाहीत असं.

हवं तर मुद्दाम बिघडवून बघा. उत्तरात डावा हात तिसऱ्या मात्रेला नि वर येतो, तिथं वर प वाजतो, अंतर सहाचं. त्या प च्या जागी तीव्र म धरा, नि ते म॑ पाचचं अंतर झालं. वर ठेवून वाजवलं तर वाईट नाही, जरा पोकळ, पण चालून जातं. आता तेच उलटं करा, म॑ डाव्या हातात खाली आणि नि उजव्यात वर. लगेच कळेल. पाच-चार अजिबात नकोत असं नाही, आमच्या उदाहरणातही ठोक्यांच्या मधल्या अर्ध्या मात्रांना ती येतात, पण तिथं ती पळून जातात, थांबत नाहीत.

पेटीवरनं आलेला डावा हात

इथं जरा वेळ थांबतो, कारण आमच्याकडच्या मुलांची खरी अडचण नियमात नसते, हातात असते. पेटी वाजवताना डावा हात भात्यावर असतो. वर्षानुवर्षं त्या हाताला वारा द्यायची सवय, बोलायची नाही. आणि जे कीबोर्डवरनं येतात त्यांचा डावा हात तीन बोटांची कॉर्ड दाबून बसतो, बाकी मशीन वाजवतं. अशा हाताला अचानक तू आता मुख्य चाल सांग म्हटलं की तो स्वर बरोबर वाजवतो पण पुटपुटतो.

म्हणून उत्तर आधी आठवडाभर एकट्या डाव्या हातानं वाजवा, उजव्या हातानं सब्जेक्ट जितका ठसठशीत वाजवला होता तितकाच. एकाच ओळीत उजव्यानं सब्जेक्ट, डाव्यानं उत्तर, परत उजव्यानं, असं आलटून पालटून, मध्ये मात्रा न तोडता. दोन्ही हातांनी एकाच जागी दाब द्यायचा आणि एकाच जागी सोडायचा. सब्जेक्टमध्ये सा आणि प सुटे वाजवले असतील तर उत्तरात प आणि सां सुद्धा सुटेच, शेपूट जोडून वाजवली असेल तर तिकडंही जोडूनच.

मग एक आवाज गा आणि दुसरा वाजवा. उजव्या हातानं जोडीदार चाल वाजवायची आणि तोंडानं उत्तर म्हणायचं, सरगममध्येच, हे भजनातनं आलेल्या मुलांना पियानो शिकलेल्यांपेक्षा लवकर जमतं असा माझा अनुभव आहे. जिथं गाणं अडखळतं तिथंच पुढं बोटं अडखळणार हे पक्कं धरा.

दोन्ही हात एकत्र आले की हमखास होणारी चूक अशी. उत्तराचा पहिला प डाव्या हातात एक मात्रेचा एकच स्वर असतो, आणि वर उजवा हात त्याच वेळी गरे गम॑ असं बारीक पळत असतो, मग तो पळणारा हातच कानात भरतो आणि उत्तर कधी आलं ते कळतच नाही. स्वतः वाजवताना हे ऐकू येत नाही कारण आपल्याला आधीच माहीत असतं. त्यावर परीक्षा अशी करा, घरातल्या कुणालातरी, आईला किंवा भावाला, आधी एकट्या डाव्या हातानं उत्तर दोनदा ऐकवा. मग म्हणा डोळे मिटून बस आणि ही चाल परत आली असं वाटलं की हात वर कर. दोन्ही हातांनी वाजवा. हात पहिल्या प ला वर गेला पाहिजे. दुसऱ्या बारला वर गेला तर तुमचा उजवा हात जड आहे, त्याला हलका करा, डाव्याला अजून जोरात मारू नका.

कीबोर्ड असेल तर त्याचा एक फायदा आहे, स्प्लिट करून डाव्या बाजूला बासरीचा आवाज आणि उजव्या बाजूला स्ट्रिंग्जचा लावता येतो. दोन आवाज म्हणजे काय हे त्यानं पाच मिनिटांत कळतं. फक्त स्प्लिटची जागा मिडल सीच्या वर न्यायला विसरू नका, नाहीतर उत्तरातला सां उजव्या बाजूच्या आवाजात वाजेल आणि चाल मध्येच तुटेल. दोन-तीन दिवस असं ऐकून परत पियानोच्या आवाजावर या, कारण खरं काम एकाच आवाजात दोन माणसं वेगळी दाखवायचं आहे.

छापील पीस हातात आल्यावर

बहुतेकांना पहिला दोन आवाजांचा पीस म्हणून बाखच्या इन्व्हेन्शन्सपैकी एखादा मिळतो. त्या १५ आहेत आणि त्यांची स्वच्छ प्रत त्यानं १७२३ मध्ये तयार केली. पहिली, सी मेजरमधली, बघा: उजवा हात सा रे ग म रे ग सा प असं म्हणतो आणि दोनच मात्रांनंतर डावा तेच म्हणतो, पण सा वरनंच, सप्तकभर खाली. प वरनं नाही. सातव्या बारला प च्या घरात गेल्यावर डावा हात सुरवात करतो हे खरं, पण सुरवातीचं उत्तर सप्तकाचं असल्यामुळं नेमक्या अर्थानं हा फ्यूग नाही. चाल पकडणं, दोन हात वेगळे ऐकणं, एवढं मात्र तिथं छान शिकून होतं, म्हणून आधी हीच वाजवा.

खरा दोन आवाजांचा फ्यूग हवा असेल तर बाखच्या वेल-टेम्पर्ड क्लाव्हियरच्या पहिल्या भागात, १७२२ च्या, दहावा फ्यूग आहे, ई मायनरमधला. दोन भाग मिळून ४८ फ्यूग आहेत आणि त्यात दोनच आवाजांचा असा हा एकच. ४२ बार, तीन मात्रांचे. हा वेगात जातो, म्हणून इन्व्हेन्शन्स चार-पाच झाल्याशिवाय पूर्ण बसवायला घेऊ नका, पण पहिले चार बार हळू वाजवून बघायला आजच हरकत नाही. सब्जेक्ट दोन बारचा. आधी सा ग॒ प सां अशी झपकन चढाई, ग कोमल, मग वरचा सां तिथंच राहतो आणि त्याच्या मधनं मधनं दुसरा स्वर एकेक पट्टी खाली उतरत जातो. बार ३ ला डावा हात प वरनं उत्तर देतो, आणि ते हुबेहूब उत्तर आहे, एकही स्वर बदललेला नाही. इथं प चढाईत वाटेत लागून जातो, आमच्या उदाहरणासारखा ठाण मांडून उभा राहत नाही, मला तरी बदल न करण्याचं कारण हेच दिसतं.

आता चौथी पायरी आठवा. बार ३ आणि ४ मध्ये डाव्या हाताच्या उत्तरावर उजवा हात जे वाजवतो ते लिहून घ्या, आणि त्या आकड्यांत १९ मिळवा. बार २२ आणि २३ उघडा. चाल आता उजव्या हातात वर गेलीय आणि तिची जोडीदार डाव्या हातात खाली आलीय, घर बदललंय पण जोडी तीच. बार ११ घ्या, १९ मिळवा, बार ३० बघा, तिथंही तसंच. या फ्यूगचा दुसरा अर्धा म्हणजे पहिला अर्धा दुसऱ्या पट्टीत खालीवर करून परत वाजवलेला आहे. त्यामुळं बसवताना बार ५ ते १० आणि बार २४ ते २९ एकाच दिवशी शेजारी शेजारी बसवा, दोन वेगळे तुकडे म्हणून पाठ करू नका, नाहीतर वाजवताना एकातनं दुसऱ्यात घसरता आणि परतीचा रस्ता सापडत नाही.

आणि बार १९ ला आलात की दोन्ही हातांत तेच स्वर दिसतील, सप्तकाच्या अंतरानं, बरोबर एकत्र चालणारे. बार ३८ ला परत तसंच. इतका वेळ दोन माणसं वेगवेगळं बोलत होती आणि इथं अचानक एका तोंडानं बोलतात. छापखान्याची चूक नाही ती, पेन्सिल बाजूला ठेवा. तिथं दोन्ही हातांचा दाब तंतोतंत सारखा ठेवा, बोटं एकाच क्षणी खाली गेली पाहिजेत, एक हात केसभर जरी मागं राहिला तरी तो बार दुहेरी छापल्यासारखा ऐकू येतो. मी तो बार आधी डोळे मिटून, अगदी हळू, नुसता त्या एका बारपुरता दहा वेळा वाजवून घ्यायला लावतो, आणि मगच बार १८ पासनं त्यात शिरायला सांगतो.